ग्रामसभेचे इतिवृत्त : वही, फलक आणि दप्तर

ग्रामसभेत काय घडले याची जी लेखी नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहते तिला कायद्याच्या भाषेत इतिवृत्त किंवा कार्यवृत्त म्हणतात, आणि गावात तिचे चालते नाव ‘प्रोसिडिंग’ असे आहे. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत असे सर्व स्त्रीपुरुष ग्रामसभेचे सदस्य असतात. निवडून आलेले पंच दर महिन्याला जी मासिक सभा घेतात ती वेगळी असून तिचे इतिवृत्तही वेगळ्या वहीत लिहावे लागते. या दोन वह्यांची सरमिसळ झाली की पंचांचा निर्णय गावाचा निर्णय म्हणून पुढे केला जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ती कोणत्या सभेची आहे, तिची पाने कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत आहेत आणि ती कोणत्या तारखेला वापरात घेतली हे लिहून त्याखाली सरपंच व सचिवाने सही करण्याची पद्धत पडली आहे. पाने मोजलेली असल्यामुळे मधले एखादे पान पुढे नाहीसे झाले तरी ते लपत नाही.

इतिवृत्ताचे वाचक दोन प्रकारचे असतात. पहिला वाचक सभेनंतर आठवडाभरात ग्रामपंचायतीच्या फलकासमोर उभा राहतो. त्याला आपल्या वस्तीच्या पाण्याचे, रस्त्याचे किंवा घरकुलाच्या यादीचे काय ठरले एवढेच हवे असते. दुसरा वाचक पाच किंवा पंधरा वर्षांनी वही उघडतो. तो लेखापरीक्षक असेल, न्यायालयातला वकील असेल, नवा सरपंच असेल किंवा बापाच्या वेळी दिलेली जागा कोणत्या अटीवर दिली होती हे शोधणारा मुलगा असेल. सभेतले बोलणे त्याने ऐकलेले नसते आणि ज्यांनी ऐकले त्यांच्या आठवणी तोवर एकमेकींशी जुळेनाशा झालेल्या असतात. महाराष्ट्रातील अनेक इतिवृत्ते या दुसऱ्या वाचकाच्या कसोटीवर कोसळतात, आणि त्याचे कारण अक्षर किंवा शुद्धलेखन हे नसून वाक्यांत कर्ता, आकडा, जागा आणि मुदत नसते हे आहे.

कायदेशीर चौकट थोडक्यात अशी आहे. राज्यघटनेच्या 73व्या दुरुस्तीने, म्हणजे 24 एप्रिल 1993 पासून, ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. तिचे अधिकार आणि कामकाज मात्र राज्याच्या कायद्यावर सोपवलेले आहे, आणि महाराष्ट्रात तो 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम होय. या कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि पुरेशा कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचे पद धोक्यात येते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सदस्यांची स्वतंत्र सभा घेणेही बंधनकारक आहे. इतिवृत्त लिहिण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या सचिवाची, म्हणजे ज्याला गाव आजही ग्रामसेवक म्हणते त्या अधिकाऱ्याची असते. तो हजर नसेल तर गावात काम करणारे शिक्षक, तलाठी किंवा अंगणवाडी सेविका यांपैकी सरपंच सांगेल त्या व्यक्तीने ते लिहावे अशी तरतूद कायद्यात आहे. ही तरतूद फारशी कोणाला माहीत नसते, आणि ‘ग्रामसेवक नव्हते म्हणून प्रोसिडिंग लिहिले नाही’ हे उत्तर गावे निमूटपणे ऐकून घेतात, हे खेदाचे आहे.

इतिवृत्ताचा पहिला भाग ओळखीचा असतो आणि तो कंटाळवाणा वाटला तरी सभा वैध होती की नाही हे त्यावरच ठरते. सभेची तारीख, वार, ठिकाण, सुरू झाल्याची वेळ, अध्यक्षाचे नाव, नोटीस कोणत्या तारखेला निघाली, ती कोठे कोठे लावली आणि दवंडी कधी दिली हे त्यात यावे लागते. त्यानंतर गणपूर्तीची नोंद येते. गणपूर्ती म्हणजे सभा चालवण्यासाठी लागणारी किमान हजेरी होय, आणि 1959 च्या ग्रामसभा बैठक नियमांप्रमाणे ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी असते. 520 मतदारांच्या गावात 78 माणसे पुरतात. 1,240 मतदारांच्या गावात 15 टक्के म्हणजे 186 होतात, पण 100 ही संख्या कमी असल्याने तीच लागू होते. मतदार साधारण 667 च्या पुढे गेले की गाव कितीही मोठे असो, आकडा 100 वरच थांबतो. म्हणून ‘गणपूर्ती झाली’ असे नुसते लिहून भागत नाही. एकूण मतदार किती, आवश्यक संख्या किती, हजर किती आणि त्यांत स्त्रिया किती हे चार आकडे लिहिले तर वाचणारा स्वतः हिशेब करून पाहू शकतो.

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, म्हणजे पुढच्या तारखेवर ढकलली जाते, आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते; मात्र मूळ विषयपत्रिकेत नसलेला नवा विषय तिथे घेता येत नाही. महाराष्ट्रात तहकूब सभा ही नेहमीची बाब झाली असून काही ठिकाणी पहिली सभा भरणारच नाही हे गृहीत धरूनच दुसरीची तयारी केली जाते. कायद्याने दिलेली ही सवलत बेकायदा नाही, परंतु तिचा वापर झाला हे इतिवृत्तात उघड दिसले पाहिजे. मूळ सभा कोणत्या तारखेची होती, त्या वेळी किती वेळ वाट पाहिली, किती माणसे आली होती आणि तहकूब सभेची सूचना कधी व कशी दिली हे लिहिलेले नसेल, आणि चाळीस सह्यांवर एकूण दोन हजार मतदारांचा निर्णय झालेला दिसत असेल, तर पुढे वाद उपस्थित झाल्यावर ठरावाच्या बाजूने बोलायला कागदावर काहीच उरत नाही.

ठराव हा इतिवृत्ताचा गाभा असल्याने त्याच्या शब्दरचनेकडे अधिक तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी एका कल्पित गावाचे उदाहरण घेता येईल. या गावात 1,240 मतदार आहेत. गावठाणापासून दूर असलेल्या वस्तीतील 38 घरे पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहेत आणि गावठाणातील काही घरांनी नळाला थेट मोटर जोडल्यामुळे वस्तीपर्यंत पाणी पोहोचत नाही. 2 ऑक्टोबर 2025 च्या ग्रामसभेत हा विषय निघाला, तासभर चर्चा झाली, जलवाहिनी कोणत्या बाजूने टाकावी यावर मतभेद झाले आणि शेवटी हात वर करून निर्णय झाला. राज्यातील हजारो वह्यांमध्ये आढळणाऱ्या रूढ शैलीत ही नोंद अशी उतरते :

*विषय क्र. 5 : पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करणे. ठराव क्र. 5 : सदर विषयाबाबत सभेत सखोल चर्चा करण्यात आली. चर्चेअंती वस्तीवरील पाणीप्रश्नाबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले. ठराव सर्वानुमते मंजूर.*

या नोंदीत व्याकरणाची चूक नाही, आणि ती लिहिणाऱ्याचा हेतूही वाईट असेलच असे नाही. परंतु सभेत जे ठरले त्यातले काहीही तिच्यात उरलेले नाही. ‘करण्यात यावी’ या रचनेत करणारा दिसत नाही, म्हणून काम न झाल्यास विचारायचे कोणाला हे कळत नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे नवी जलवाहिनी, की मोटरी काढणे, की टँकर, हे वाचणाऱ्याने ठरवायचे आहे. ‘सर्वानुमते’ हा शब्द तर चुकीची माहिती देतो, कारण सभेत विरोध झाला होता. सर्वांत घातक गोष्ट अशी की या नोंदीच्या आधारे पुढे कोणतेही काम या ठरावात बसवता येते, आणि खरोखर मागितलेले काम टाळलेही जाऊ शकते. हीच नोंद साध्या मराठीत आणि पूर्ण लिहिली तर तिचे रूप असे होईल :

*विषय क्र. 5 : वस्तीतील 38 घरांना नळाचे पाणी न पोहोचणे.*

*मांडणी : वस्तीतील रहिवाशांनी सांगितले की एप्रिल महिन्यापासून वस्तीला आठवड्यातून एक ते दोन दिवसच पाणी मिळते. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने सांगितले की गावठाणातील काही नळांना थेट मोटर जोडलेली आहे. 1 ऑक्टोबरच्या महिला सभेने याच विषयावर केलेली शिफारस वाचून दाखवली.*

*मतभेद : जलवाहिनी शाळेच्या मागील बाजूने टाकावी असा प्रस्ताव आला. शाळेसमोरच्या रस्त्याच्या कडेने टाकल्यास अंतर कमी होईल असे काही सदस्यांचे म्हणणे होते. त्या रस्त्याचे काँक्रिटीकरण मंजूर असल्याने तो पुन्हा फोडावा लागेल असे उत्तर प्रस्ताव मांडणाऱ्यांनी दिले.*

*ठराव क्र. 5/2025-26 : (अ) उंच टाकीपासून वस्तीतील समाजमंदिरापर्यंत शाळेच्या मागील बाजूने अंदाजे 640 मीटर लांबीची स्वतंत्र जलवाहिनी टाकावी. अंदाजे खर्च रुपये 3,20,000 (अक्षरी तीन लाख वीस हजार) असून तो पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करावा. (आ) ग्रामपंचायतीच्या सचिवाने अंदाजपत्रक तयार करून घेऊन तांत्रिक मान्यतेचा प्रस्ताव 15 नोव्हेंबर 2025 पर्यंत पंचायत समितीकडे पाठवावा. (इ) जलवाहिनी पूर्ण होईपर्यंत पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने रोज सकाळी 6 ते 7.30 या वेळेत गावठाणाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून वस्तीला पाणी सोडावे. (ई) नळाला थेट मोटर जोडणाऱ्या कुटुंबांना सरपंचांनी 15 ऑक्टोबर 2025 पर्यंत लेखी नोटीस द्यावी आणि त्यानंतर 15 दिवसांत मोटर न काढल्यास जोडणी बंद करावी. (उ) केलेल्या कामाचा अहवाल सचिवाने पुढील ग्रामसभेत वाचावा.*

*मतदान : हात वर करून. हजर 118, ठरावाच्या बाजूने 71, विरोधात 38, तटस्थ 9. ठराव बहुमताने मंजूर.*

या दोन नोंदींमधले अंतर केवळ लांबीचे नाही. दुसऱ्या नोंदीत बहुतेक क्रियापदांना कर्ता आहे, आणि सचिव, सरपंच व पाणीपुरवठा कर्मचारी यांच्या वाट्याला नेमके कोणते काम आले ते सांगितलेले आहे. निधीचा स्रोत लिहिल्यामुळे हे काम त्या निधीतून करता येते की नाही हे तपासता येते. बंधित निधी म्हणजे वित्त आयोगाच्या अनुदानाचा तो भाग जो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता याच कामांवर खर्च करता येतो. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22 पासून हा भाग 60 टक्के होता. जलवाहिनी त्यात बसते, समाजमंदिराचा रंग बसत नाही. ‘अंदाजे’ हा शब्दही जाणीवपूर्वक ठेवलेला आहे, कारण ग्रामसभेला अभियांत्रिकी मोजमाप करता येत नाही; अंतिम लांबी आणि रक्कम तांत्रिक मान्यतेत ठरते. मात्र पुढे 640 मीटरची जलवाहिनी 300 मीटरवर थांबली किंवा तिने शाळेसमोरचा रस्ता धरला तर तो ठरावातला बदल आहे हे कोणालाही ओळखता येते.

मतदानाचे आकडे लिहिण्याला अनेक गावांत विरोध होतो, कारण त्यामुळे गावात फूट असल्याचे कागदावर येते अशी भीती असते. ही भीती समजण्यासारखी आहे. पण वरच्या उदाहरणात विरोध करणाऱ्या 38 जणांचे म्हणणे वहीत उतरले नाही तर पुढच्या सभेला त्यांनी यावे कशासाठी, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. शिवाय सुरुवातीला सह्या 132 आणि मतदानाच्या वेळी हजर 118 असा फरक प्रामाणिकपणे लिहिला गेला, तर माणसे मधून उठून गेली तरी निर्णयाच्या वेळी सभा पुरेशी भरलेली होती हे सिद्ध होते. जिथे निर्णय खरोखर सर्वांच्या संमतीने होतो तिथे तसे लिहिण्याला वेगळे वजन येते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत स्वीकारली आणि एकमत होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा चर्चेला घेतला. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काची मान्यता देशात सर्वप्रथम मिळालेल्या गावांत 2009 साली हे गाव होते. वनहक्कासाठी भरणाऱ्या ग्रामसभेला 2012 मध्ये सुधारलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. त्यामुळे अशा सभेच्या इतिवृत्तात ‘बहुसंख्य ग्रामस्थ उपस्थित होते’ असे वाक्य लिहिणे म्हणजे दाव्याची बाजू आपल्याच हाताने कमकुवत करणे होय. स्त्री आणि पुरुष यांची वेगळी मोजणी तिथे अनिवार्य ठरते.

जागेचे वर्णन हा इतिवृत्तातला आणखी एक कच्चा दुवा आहे. ‘वडाजवळची जागा’, ‘जुन्या चावडीमागचा तुकडा’ किंवा ‘पाटलांच्या मळ्याकडचा रस्ता’ ही वर्णने सभेत बसलेल्या प्रत्येकाला स्वच्छ कळतात, आणि ती काढून टाकण्याचे कारणही नाही. परंतु वड पडतो, चावडी पाडली जाते आणि मळ्याचा मालक बदलतो. म्हणून गावात रूढ असलेल्या नावासोबत सातबारावरील गट क्रमांक, गावठाणातील मिळकत असेल तर कर आकारणीच्या नमुना 8 मधील मालमत्ता क्रमांक, क्षेत्रफळ आणि चारही बाजूंना काय आहे म्हणजे चतुःसीमा लिहावी. गटवाडी, म्हणजे शेतजमिनींचे एकत्रीकरण झालेल्या गावांत जुना सर्व्हे क्रमांक आणि नवा गट क्रमांक वेगवेगळे असतात. एका ठरावात एक आणि दुसऱ्यात दुसरा क्रमांक आल्यामुळे त्या दोन वेगळ्या जागा असल्याचा समज होऊ शकतो. गायरानासारख्या सार्वजनिक जमिनीविषयी ठराव असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण ती जमीन बहुधा शासनाच्या मालकीची असते आणि ग्रामसभेचा ठराव तिच्याबद्दल संमती किंवा शिफारस देऊ शकतो, मालकी देऊ शकत नाही. इतिवृत्तात ‘जागा देण्यात आली’ असे लिहिले गेले की घेणाऱ्याची फसगत होते.

मोजमापे मात्र गावाच्या व्यवहारातील ठेवण्यास हरकत नाही. दगड, वाळू आणि मुरूम ब्रासमध्ये मोजण्याची पद्धत आहे आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट होतात. जमीन गुंठ्यांत सांगितली जाते आणि 40 गुंठ्यांचा एक एकर होतो. हे माप सर्वांना समजते, फक्त अंदाजपत्रकात तेच काम घनमीटर किंवा चौरस मीटरमध्ये येणार असल्याने शक्य तिथे दोन्ही आकडे शेजारी लिहिणे चांगले. रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहिण्याची जुनी रीत इथे विशेष उपयोगी पडते, कारण 32,000 च्या पुढे एक शून्य वाढवणे सोपे असते, ‘बत्तीस हजार’ या शब्दांचे ‘तीन लाख वीस हजार’ करणे सोपे नसते.

इतिवृत्तात फेरफार कुठे होतो हे लक्षात घेतले तर ते तपासणेही सोपे जाते. सर्वांत सामान्य प्रकार असा की सभेत फक्त हजेरीवर सह्या घेतल्या जातात, वहीची पाने कोरी ठेवली जातात आणि ठराव नंतर कार्यालयात बसून लिहिले जातात. अशा वहीत ठरावांखाली अध्यक्षाची सही पानाच्या अगदी तळाशी असते आणि तिच्यावरचा मजकूर कधी दाटीवाटीने तर कधी विरळ बसवलेला दिसतो. दुसरी जागा म्हणजे ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ही विषयपत्रिकेची शेवटची ओळ. तातडीच्या बाबीसाठी तिची सोय आहे, पण नोटिशीत नसलेला मोठ्या खर्चाचा किंवा जागेचा ठराव तिथेच घुसवला जातो. त्यामुळे वही तपासणाऱ्याने ही ओळ आधी वाचावी. तिसरा प्रकार दुरुस्तीचा आहे. चूक झाली तर मूळ अक्षर वाचता येईल अशी एक रेघ मारून वर दुरुस्ती लिहावी आणि समासात सचिव व अध्यक्षाने आद्याक्षरी करावी. पांढरा रंग लावलेली किंवा खोडून काळी केलेली जागा संशयास्पद ठरते. ठराव संपल्यावर उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारण्याची शिस्तही याच कारणासाठी आहे.

या सर्वांवर साधा उपाय असा की प्रत्येक विषय संपताच ठरावाचा मजकूर सभेतच मोठ्याने वाचून दाखवावा आणि सभा संपल्याची वेळ लिहूनच सह्या घ्याव्यात. चर्चेची टिपणे कच्च्या कागदावर घेऊन मागाहून नीट लिहिण्यास आक्षेप नाही, परंतु ठरावाचे शब्द, आकडे आणि मतदान हा भाग सभा चालू असतानाच वहीत उतरला पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर हे मोठ्याने वाचणे हीच एकमेव तपासणी असते. अंगठा कशाखाली लावला जात आहे हे त्यांना त्याच वेळी कळते.

फलकावर लावायचा मजकूर हा संपूर्ण इतिवृत्ताची छायाप्रत नसावा. दहा-बारा पानांची दाट लिखाणाची प्रत काचेमागे लावली की पहिले पान सोडून बाकीचे कोणी वाचू शकत नाही. फलकासाठी एका किंवा दोन पानांत, मोठ्या अक्षरांत, विषयागणिक काय ठरले, कोण करणार, किती रकमेत आणि कधीपर्यंत एवढेच लिहावे, आणि पूर्ण वही कार्यालयात कोणत्या वेळेत पाहता येईल ते खाली नमूद करावे. ठरावाचा क्रमांक दोन्ही ठिकाणी तोच ठेवावा, म्हणजे फलकावरून वहीपर्यंत जाता येते. ग्रामपंचायतीचे कार्यालय गावठाणात आणि अर्धी वस्ती वाड्यांवर असेल तर अंगणवाडी, शाळा किंवा रेशन दुकान अशा जिथे माणसे आपणहून जातात त्या ठिकाणीही प्रत लावणे गरजेचे आहे. ती कोणत्या तारखेला कोठे लावली याची नोंद वहीत झाली तर ‘आम्हाला कळलेच नाही’ या तक्रारीची शहानिशा करता येते.

फलकावर काय येऊ नये याचाही विचार करावा लागतो. घरकुलासारख्या योजनेत लाभार्थ्यांची निवड ग्रामसभा करते, त्यामुळे निवडलेल्यांची नावे आणि प्रतीक्षा यादीतील क्रम जाहीर होणे योग्यच आहे. त्यावर हरकत घेण्याचा अधिकार गावाला आहे. परंतु आधार क्रमांक, बँक खाते, फोन क्रमांक, आजार किंवा घरगुती भांडणाचा तपशील यांचा त्या निवडीशी संबंध नसतो आणि ते फलकावर लागले तर नुकसान होते. एखाद्या महिलेने महिला सभेत दारूबद्दल किंवा मारहाणीबद्दल तक्रार केली असेल तर शिफारस आणि निर्णय लिहावा, तिचे नाव फलकावर लावू नये. नाव वगळले म्हणजे आपण नोंद अपुरी ठेवली असे सचिवाला वाटण्याचे कारण नाही.

पुढील ग्रामसभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, म्हणजे ते बरोबर असल्याची सभेने पुष्टी देणे, हा पहिला विषय असतो. हा विषय बहुधा ‘वाचून कायम करण्यात आले’ या एका ओळीत उरकला जातो, आणि तेथेच एक मोठी संधी वाया जाते. कायम करताना नोंदीतली चूक दुरुस्त करता येते. निर्णय मात्र बदलता येत नाही, त्यासाठी नवा विषय आणि नवा ठराव लागतो. वरच्या उदाहरणात 26 जानेवारी 2026 च्या सभेत ठराव क्र. 5 मधील पाचही कलमे एकेक वाचून प्रत्येकापुढे काय झाले ते लिहिता येईल : प्रस्ताव 15 नोव्हेंबरपूर्वी गेला किंवा नाही, नोटिसा किती दिल्या, मोटरी किती निघाल्या, सकाळचा व्हॉल्व्ह नियमित बंद होतो की नाही. याला पूर्तता अहवाल म्हणतात. ठरावातच कर्ता आणि तारीख नसेल तर पूर्तता अहवालात लिहिण्यासारखे काही मिळत नाही, आणि मग ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर वर्षानुवर्षे चालते.

दप्तरात जुना ठराव सापडावा यासाठी वहीच्या शेवटी किंवा स्वतंत्र नोंदवहीत अनुक्रमणिका ठेवणे हा कमी कष्टाचा आणि फार उपयोगाचा उपाय आहे. तिच्यात वर्ष आणि ठराव क्रमांकासोबत विषय पाणी, रस्ता, जागा, लाभार्थी, कर अशा ठरावीक शब्दांत आणि ठिकाण किंवा गट क्रमांक लिहिला तर पंधरा वर्षांच्या वह्यांतून एका जागेविषयीचे सर्व ठराव अर्ध्या तासात काढता येतात. ठरावाने आधीचा ठराव बदलला असेल तर दोन्हीकडे परस्परांचा क्रमांक लिहावा, नाहीतर रद्द झालेला ठरावच कोणी तरी नक्कल काढून पुढे करतो. वह्या जमिनीलगतच्या कपाटात ठेवल्याने वाळवी आणि ओल यांनी खराब होतात, म्हणून मूळ वही जपून ठेवून तिची छायाचित्रे पानाच्या क्रमाने संगणकावर साठवणे शहाणपणाचे आहे. मात्र शिस्तीने लिहिलेली मूळ वही हीच वाद झाल्यावर ग्राह्य पुरावा म्हणून पाहिली जाते.

गावातील कोणत्याही माणसाला इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली मागता येते. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क 10 रुपये असून छायाप्रतीला पानामागे 2 रुपये पडतात, आणि माहिती 30 दिवसांत द्यावी लागते. अर्ज करताना केवळ ‘ग्रामसभेचे प्रोसिडिंग’ मागितले तर ठरावांची पाने मिळतात आणि त्यांवरून सभा खरोखर कशी झाली हे कळत नाही. म्हणून सभेची तारीख लिहून त्या सभेची नोटीस व विषयपत्रिका, हजेरीची सर्व पाने, महिला सभेचे इतिवृत्त, ठरावांची पाने आणि पुढील सभेत इतिवृत्त कायम केल्याची नोंद या सर्वांच्या साक्षांकित प्रती एकाच अर्जात मागाव्यात. ही पाने शेजारी ठेवली की नोटिशीत नसलेला ठराव कोणता, हजेरीच्या सह्या मतदानाच्या आकड्यांशी जुळतात की नाही आणि महिला सभेची शिफारस मुख्य सभेत वाचली गेली किंवा नाही, हे वाचणाऱ्याला स्वतः पडताळून पाहता येते.